एचआरमध्ये हजेरी-पगाराच्या पुढे काय? भरती, प्रशिक्षण, कामगार संबंध की पीपल अ‍ॅनालिटिक्स?

मृण्मयी_शिरूर

नमस्कार. रांजणगाव औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या एचआर विभागात मी तीन वर्षे काम करते आहे. एमपीएम झाल्यावरची ही माझी पहिलीच नोकरी. हजेरी, पगार, पीएफ, ईएसआय, कंत्राटदारांच्या बिलांची तपासणी हे सगळे माझ्याकडे असते. आता विभागाची फेररचना होणार असून भरती, प्रशिक्षण, कामगार संबंध आणि नव्याने सुरू होणारे पीपल अ‍ॅनालिटिक्स म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नोंदींचे विश्लेषण, यांपैकी कोणत्या बाजूला जायला आवडेल, असे साहेबांनी विचारले आहे. चारही क्षेत्रांत प्रत्यक्ष काम केलेल्यांचे मत हवे आहे.

चर्चा हवेत राहू नये म्हणून आमच्याकडचा एक प्रश्न मांडते. आमच्याकडे ५०० कायम कामगार आणि कंपनीच्या पटावरचे १२० ट्रेनी आहेत. ट्रेनी टिकत नाहीत, अशी लाइनवरच्या सुपरवायझरांची सततची तक्रार आहे. मासिक अहवालात मात्र गळती जेमतेम २.४ टक्के दिसते, त्यामुळे वरचे लोक निश्चिंत आहेत. सोडून जाणारी बहुतेक मुले राजीनाम्यात 'घरगुती कारण' एवढेच लिहितात. हा प्रश्न तुमच्यापैकी प्रत्येकाने कसा हाताळला असता?

पुढचे_पाऊल

डोळे मिटून अ‍ॅनालिटिक्स घ्या. भरतीचे बरेचसे काम संगणकावर गेले आहे, प्रशिक्षण ऑनलाइन झाले आहे आणि युनियनचा जोर ओसरला आहे. नव्या श्रमसंहिता लागू झाल्यापासून तर कामगार संबंध या शाखेत फारसे काही उरलेले नाही. पॉवर बीआय आणि थोडे पायथन शिकलात तर रांजणगावातून थेट हिंजवडीत याल.

तेजश्री_बाणेर

मी गेली काही वर्षे आयटी क्षेत्रात भरतीचे काम करते. भरती संगणकावर गेली असे म्हणणाऱ्यांनी एकदा तरी उमेदवार ऐन वेळी मागे फिरल्याचा अनुभव घ्यायला हवा. अर्ज गोळा करणे सोपे झाले हे खरे आहे. पण ऑफर स्वीकारल्यापासून रुजू होईपर्यंतचा नोटीस पिरियडचा काळ हाच आमच्या कामाचा कसोटीचा भाग असतो. त्या काळात उमेदवाराच्या हाती आणखी ऑफर येतात, घरचे काही वेगळेच सुचवतात, जुनी कंपनी पगार वाढवून देते. जो भरती अधिकारी दर आठवड्याला उमेदवाराशी बोलतो, त्याला हे आधी कळते. 'जॉइनिंग किट कुठे पाठवणार?' असे विचारणारा उमेदवार बहुधा येतो. रुजू होण्याच्या तारखेचा विषय टाळणाऱ्याच्या बाबतीत मी दुसरी व्यक्ती तयार ठेवते.

मृण्मयीताई, या शाखेत निकाल लवकर आणि स्पष्ट दिसतो. जागा भरली किंवा भरली नाही, एवढेच. काहींना ते आवडते, काहींना त्याचा ताण येतो. तुमच्या प्रश्नाबाबत मी पहिल्यांदा विचारेन की भरतीच्या वेळी मुलांना नेमके काय सांगितले गेले? पाळी, उभ्याचे काम, राहण्याची सोय आणि हातात पडणारी रक्कम या चार गोष्टी जिथे गुळगुळीत करून सांगितल्या जातात, तिथली मुले पहिल्या महिन्यातच जातात.

जुना_आयआरवाला

सुमारे तीस वर्षे पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यात कामगार संबंधांचे काम करून मी निवृत्त झालो आहे. 'पुढचे पाऊल' यांचे म्हणणे निम्मे खरे आहे, म्हणून त्याला नीट उत्तर देतो.

चारही श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आणि काही बंधने सैल झाली हे खरे. कामगारकपात किंवा कारखाना बंद करण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी घेण्याची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर गेली, स्थायी आदेशांची, म्हणजे कारखान्याच्या लेखी सेवा-नियमांची, मर्यादाही ३०० झाली. पण मृण्मयीताईंच्या कारखान्यात त्याहून बरेच जास्त कामगार आहेत, म्हणजे त्यांना ही दोन्ही बंधने आहेतच. शिवाय या शाखेचे खरे काम कलमांमध्ये नसते, ते रोजच्या वागण्यात असते. संप ही फार उशिरा येणारी गोष्ट आहे. त्याआधी कँटीनवर बहिष्कार येतो, ओव्हरटाइमला नकार येतो, एकाच लाइनवरून एकाच दिवशी सात-आठ जणांचे रजेचे अर्ज येतात. ही चिन्हे ओळखणारा माणूस कारखान्याला लागतो.

एक उदाहरण देतो. एका कारखान्यात सुपरवायझरला शिवीगाळ केल्याबद्दल एका कामगाराला निलंबित करून आरोपपत्र दिले होते. आरोपपत्रात फक्त 'वरिष्ठांशी गैरवर्तन केले' एवढेच लिहिलेले होते. तारीख नव्हती, पाळी नव्हती, कोणत्या यंत्रापाशी घडले ते नव्हते, शब्द काय वापरले ते नव्हते. त्यावर कहर म्हणजे ज्या अधिकाऱ्याने तक्रार पुढे पाठवली, त्यालाच चौकशी अधिकारी नेमले. कामगाराने शिवी दिली होती याबद्दल कोणालाच शंका नव्हती, तरीही ती चौकशी न्यायालयात टिकली नाही आणि कामगार मागील पगारासह परत आला. निलंबनाच्या काळात पहिले ९० दिवस निम्मा निर्वाह भत्ता द्यावा लागतो आणि कामगाराच्या दोषाविना चौकशी लांबली तर पुढे तो ७५ टक्के होतो, त्यामुळे रेंगाळलेली चौकशी दर महिन्याला महाग होत जाते. आरोपपत्राचा तो एक परिच्छेद नीट लिहिता येणे, हे कोणतेही सॉफ्टवेअर शिकवणार नाही.

ट्रेनींबद्दल माझा एकच प्रश्न आहे. ही मुले शिकाऊ उमेदवार कायद्याखालची आहेत की कंपनीच्या पटावर वेतन घेणारी? पहिल्यांना विद्यावेतन मिळते, दुसऱ्यांना वेतन. नियम वेगळे आहेत आणि उत्तरही वेगळे निघेल.

मृण्मयी_शिरूर

सर, ही मुले वेतन घेणारीच आहेत. पीएफ आणि ईएसआयही कापला जातो.

रानवारा

माझाही प्रश्न एचआरशीच संबंधित आहे, म्हणून इथे विचारतो. मी मागच्या कंपनीतून राजीनामा दिला, पण त्यांनी पीएफच्या नोंदीत नोकरी सोडल्याची तारीखच भरलेली नाही, त्यामुळे जुनी रक्कम नव्या खात्यात वळत नाही. काय करावे?

तेजश्री_बाणेर

रानवारा, शेवटचे अंशदान जमा झाल्यानंतर दोन महिने उलटले असतील तर सदस्य पोर्टलवर तुम्ही स्वतःच ती तारीख भरू शकता. त्यासाठी आधार यूएएनशी जोडलेले लागते. पुढची चर्चा वेगळ्या धाग्यावर करू या.

शिकवणी_घरची

मी टूलरूममध्ये निदेशक होतो आणि आता एका कंपनीच्या प्रशिक्षण विभागाचे काम पाहतो. प्रशिक्षणाची मोठी अडचण अशी की वर्ग भरवणे दिसते, परिणाम दिसत नाही. वर्षाअखेर किती मनुष्य-तास प्रशिक्षण झाले याचा आकडा विचारला जातो आणि तोच आकडा वाढवण्यात सगळी शक्ती जाते. प्रशिक्षणानंतर त्या लाइनवरचे बाद भाग कमी झाले का, नवा मुलगा किती दिवसांत स्वतंत्रपणे सेटिंग करू लागला, हे फार थोड्या ठिकाणी पाहिले जाते. हे पाहायची तयारी असेल तरच या शाखेत या, अन्यथा हजेरीपत्रकावर सह्या घेण्याचेच काम पुन्हा वाट्याला येईल.

आमच्याकडेही ट्रेनी टिकत नव्हते. सुरुवातीचे दोन दिवस वर्गात सुरक्षेच्या चित्रफिती दाखवायच्या आणि तिसऱ्या दिवशी मुलाला थेट रात्रपाळीत प्रेसवर उभे करायचे, अशी पद्धत होती. रात्री शिकवणारे कोणी नसायचे. आम्ही पहिले तीन आठवडे पहिली पाळी आणि एक ठरलेला जुना ऑपरेटर सोबत, असा नियम केला. तुमच्याकडे पहिल्या आठवड्यात कोणाला कुठे उभे केले जाते, ते पाहा. उत्तर तिथेच असण्याची दाट शक्यता आहे.

आकडे_बोलतात

मी पीपल अ‍ॅनालिटिक्समध्ये काम करतो आणि 'पुढचे पाऊल' यांच्या उत्साहाला थोडा आवर घालू इच्छितो. पायथन लागते ते बऱ्याच पुढे. या कामाचा मोठा भाग म्हणजे भाजक काय घ्यायचा हे ठरवणे आणि अस्वच्छ नोंदी नीट करणे. बहुतेक कंपन्यांत एकाच विभागाचे नाव तीन प्रकारे लिहिलेले सापडते.

मृण्मयीताई, तुमचा २.४ टक्क्यांचा आकडा कसा निघाला असेल ते सांगतो. समजा महिन्याला १५ जण गेले आणि एकूण माणसे ६२०, भागाकार २.४ टक्के येतो. आता त्या १५ पैकी १४ ट्रेनी असतील, तर १२० ट्रेनींमधली गळती जवळपास १२ टक्के होते. जे ५०० लोक कधी जाणारच नाहीत, त्यांना भाजकात बसवल्यामुळे प्रश्न झाकला गेला आहे.

त्याहून बरी पद्धत म्हणजे महिन्याचा हिशेब बाजूला ठेवून तुकडीचा हिशेब करणे. एका ठरावीक काळात रुजू झालेली सगळी मुले घ्या आणि त्यातली किती ९० दिवसांच्या आत गेली ते मोजा. अट एकच, प्रत्येकाला ९० दिवस पूर्ण होण्याइतका काळ गेलेला असावा. नाहीतर कालच रुजू झालेला मुलगा 'टिकला' म्हणून मोजला जाईल. त्यानंतर विभाग, पाळी, गाव आणि रुजू होण्याची तारीख अशा एकेका गोष्टीने तुकडी फोडून पाहा. एक्सेलची पिव्होट टेबल पुरेशी आहे. आकडे लहान असतील, त्यामुळे पाच-सात जणांच्या गटावरून ठाम निष्कर्ष काढू नका. आणि तुम्ही स्वतः पगार करता, म्हणजे लागणारी सगळी माहिती तुमच्याच संगणकात आहे.

दूरदेशी

मी जर्मनीत एका यंत्रनिर्मिती कंपनीच्या एचआरमध्ये आहे. इथे कर्मचाऱ्यांच्या वागण्यावर किंवा कामावर लक्ष ठेवू शकेल अशी कोणतीही संगणकीय प्रणाली आणायची तर निवडून आलेल्या कामगार मंडळाची संमती लागते. त्यामुळे अ‍ॅनालिटिक्सचा कोणताही प्रकल्प पहिल्या दिवसापासून कामगार संबंधांचाच विषय होतो. कोणती माहिती गोळा करणार, ती कोण पाहणार आणि कधी पुसणार, हे लेखी करारात येते. भारतातही २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा झालेला आहे. ट्रेनींची माहिती काढताना नावे काढून टाकून फक्त क्रमांक ठेवा, ही माझी विनंती.

पुढचे_पाऊल

भाजकाचा मुद्दा मान्य आहे. पण इतके सगळे पिव्होट टेबलने होत असेल, तर वेगळ्या शाखेची गरजच काय, हेही मग सांगावे. माझा अनुभव असा की व्यवस्थापन रंगीत डॅशबोर्डशिवाय कशाकडे पाहत नाही आणि बढतीही त्यालाच मिळते.

आकडे_बोलतात

बढतीबाबत तुमचा अनुभव खरा असू शकतो, त्यावर मी वाद घालणार नाही. वेगळ्या शाखेची गरज माणसे हजारोंच्या संख्येने आणि अनेक शहरांत पसरलेली असतात तेव्हा लागते. ६२० माणसांच्या कारखान्यात पूर्ण वेळ अ‍ॅनालिटिक्सचे पद टिकेल का, याची मला शंका आहे. मृण्मयीताईंनी साहेबांना हे स्पष्ट विचारावे, नाहीतर पदाचे नाव बदलेल आणि दर महिन्याचे अहवाल बनवण्याचे काम तसेच राहील.

मृण्मयी_शिरूर

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे नावे काढून जून ते ऑगस्टमध्ये रुजू झालेल्या ६० ट्रेनींची तुकडी घेतली. ९० दिवसांच्या आत २६ जण गेले आहेत, म्हणजे ४३ टक्के. हा आकडा आमच्या अहवालात कधी आलाच नव्हता.

पाळीनुसार फोडून पाहिले. थोडा फरक आहे, पण 'शिकवणी घरची' यांनी सांगितले तितका ठळक नाही. फरक दिसला तो रुजू होण्याच्या तारखेत. महिन्याच्या २० तारखेपर्यंत रुजू झालेल्या ३४ पैकी १० गेले, तर २० तारखेनंतर रुजू झालेल्या २६ पैकी १६ गेले. आमची हजेरी २० तारखेला बंद होते आणि पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेला होतो. २० तारखेनंतर आलेल्या मुलांचे ते आठ-दहा दिवस पुढच्या पगारात जोडले जातात. म्हणजे २२ जूनला आलेल्या मुलाच्या हातात पहिले पैसे पडतात ते थेट ७ ऑगस्टला, ४६ दिवसांनी. हे कारण असू शकेल का?

तेजश्री_बाणेर

असू शकेल, पण एक शंका आहे. कॅम्पस मुलाखतींतून आलेल्या तुकड्या बहुधा महिनाअखेरीस रुजू होतात. उशिरा आलेली मुले लांबच्या आयटीआयमधली असतील, तर ती घरापासून दूर म्हणून गेली की पैशांसाठी गेली, हे या आकड्यांवरून कळणार नाही. स्थानिक आणि बाहेरगावची असे वेगळे करून पाहा.

मृण्मयी_शिरूर

तेजश्रीताईंची शंका रास्त होती. शिरूर-रांजणगाव परिसरातली म्हणजे घरून ये-जा करणारी, आणि मराठवाडा-विदर्भातून येऊन खोली करून राहणारी असे दोन गट केले. स्थानिकांपैकी २० तारखेपर्यंत आलेल्या २२ मधले ५ गेले आणि नंतर आलेल्या ८ मधले २ गेले, म्हणजे तारखेने काहीच फरक पडलेला नाही. बाहेरगावच्यांमध्ये मात्र आधी आलेल्या १२ पैकी ५ गेले आणि नंतर आलेल्या १८ पैकी १४ गेले.

आकडे_बोलतात

फार चांगली फोड केलीत. घर जवळ असलेल्याला पगार उशिरा मिळाला तरी निभते, खोलीचे डिपॉझिट आणि मेसचे पैसे आगाऊ भरणाऱ्याला निभत नाही, असा अर्थ यातून लागतो. तरीही १२ आणि १८ हे छोटे गट आहेत. एखादा मुलगा गेला की त्याच्या खोलीतले आणखी दोघे जातात, त्यामुळे १४ जण म्हणजे १४ स्वतंत्र निर्णय असतीलच असे नाही. हे कारण सिद्ध झाले असे अहवालात लिहू नका. तपासून पाहण्याजोगे कारण सापडले, असे लिहा.

जुना_आयआरवाला

आता या आकड्यांकडे माझ्या बाजूने पाहतो. २२ ते ३० जूनचे वेतन ७ ऑगस्टला देणे हा गळतीचाच नव्हे, कायद्याचाही प्रश्न आहे. मासिक वेतन पुढच्या महिन्याच्या सात दिवसांत दिले गेले पाहिजे. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात तुमच्या आकाराच्या कारखान्याला हीच मुदत होती आणि वेतन संहितेतही तीच आहे. हजेरी २० तारखेला बंद होते ही कार्यालयाची सोय झाली, त्यामुळे कामगाराचा हक्क पुढे ढकलता येत नाही. उद्या एखाद्याने कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज दिला, तर तुमच्याकडे सांगायला काहीच नसेल. हे वरिष्ठांना सांगताना गळतीचा मुद्दा आधी मांडा आणि कायद्याचा नंतर. उलट क्रमाने मांडलात तर ते बचावाच्या पवित्र्यात जातील.

उपाय अवघड नाही. २० तारखेनंतर रुजू झालेल्यांची यादी २ तारखेपर्यंत वेगळी करायची आणि त्यांचा पूरक पगार त्याच ७ तारखेला काढायचा.

आणि गेलेल्या मुलांपैकी चार-पाच जणांना फोन करा. राजीनाम्यात लिहिलेले घरगुती कारण म्हणजे बहुतेक वेळा 'तुम्हाला सांगून काय उपयोग' असे असते. फोन सुपरवायझरने करू नये, तुम्ही करावा, आणि 'का सोडलेत' असे विचारण्याऐवजी शेवटच्या आठवड्यात काय काय घडले ते विचारावे.

शिकवणी_घरची

मी माझा मुद्दा पूर्ण सोडत नाही. आधी आलेल्या आणि बाहेरगावच्या १२ जणांतलेही ५ गेले आहेत, त्याचे कारण पगाराची तारीख नाही. पाळीचा फरक ठळक नसण्याचे एक कारण असेही असू शकते की तुमच्याकडे पहिल्या पाळीतही नव्या मुलाला कोणी शिकवत नाही. ते नोंदीत दिसणार नाही. त्यासाठी पाळी बदलताना अर्धा तास लाइनवर उभे राहावे लागेल.

मृण्मयी_शिरूर

हे दोन्ही करते. तिघांशी फोनवर बोलणे झाले आहे. दोघांनी खोलीमालकाच्या तगाद्याबद्दल सांगितले. तिसऱ्याने मात्र पगाराचा विषयच काढला नाही. प्रेसवर बोट थोडक्यात वाचले आणि त्याची नोंद करायला सुपरवायझरने नकार दिला, असे तो म्हणाला. ते मी सुरक्षा अधिकाऱ्यांना कळवले आहे.

साहेबांना मी कामगार संबंधांसाठी होकार देण्याच्या विचारात आहे, मात्र ट्रेनींच्या तुकड्यांचा हिशेब माझ्याकडेच राहावा अशी अट घालणार आहे. चौकशीचे काम शिकण्यासाठी कामगार कायद्यांची डीएलएल पदविका करावी का, सर?

पुढचे_पाऊल

निर्णय तुमचा आहे, पण पाच वर्षांनी नोकरी बदलताना बाजारात अ‍ॅनालिटिक्सच्या अनुभवाला जास्त भाव मिळेल, हे माझे मत कायम आहे.

जुना_आयआरवाला

पदविका अवश्य करा, नोकरी सांभाळून करता येते. त्याआधी मात्र तुमच्या कारखान्याचे प्रमाणित स्थायी आदेश आणि युनियनबरोबरचा शेवटचा वेतनकरार हे दोन दस्तऐवज मागून घेऊन पूर्ण वाचा. पुढची चौकशी निघेल तेव्हा व्यवस्थापनाच्या बाजूने कागद लावण्याचे काम मागून घ्या आणि चौकशीला बसा. कामगाराचा बचाव प्रतिनिधी उलटतपासणीत कोणते प्रश्न विचारतो ते लिहून ठेवा. तो मुरलेला असेल, तर आरोपपत्रातल्या नेमक्या कोणत्या ओळी कच्च्या राहिल्या आहेत ते त्याच्या प्रश्नांवरूनच तुम्हाला कळेल.